सांत्वनाचं पत्र लिहिताना

नाशिकरोड

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला मजकूर वाचला. तुझ्या मैत्रिणीचा नवरा गेल्यापासून तुला झोप नाही, हे तुझ्या आईने सांगितलं. पत्र पाठवण्याआधी मला दाखवावंसं तुला वाटलं ते बरं झालं. माझी सगळी नोकरी तोफखान्यात गेली आणि पार्थिवासोबत गावी जाण्याची ड्यूटीही माझ्या वाट्याला आली होती. त्या घरांच्या ओसरीवर लोक काय बोलतात आणि त्यातलं घरच्यांना काय झेपतं, ते मी जवळून पाहिलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुझ्या पत्राचं पहिलंच वाक्य आहे, ‘त्यांनी देशासाठी बलिदान दिलं, तुम्हाला त्यांचा अभिमान वाटायलाच हवा.’ हे काढून टाक. तुझा हेतू चांगला आहे, पण काय वाटावं हे तू तिला सांगते आहेस. तिच्या मनात आज काय आहे ते तुलाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. राग असेल. या सुट्टीत येतो म्हणून का आला नाहीस, असं भांडण असेल. कदाचित अभिमानही असेल, सकाळी असेल आणि दुपारी नसेल. ‘हवा’ म्हटलं की रडणाऱ्या बाईला वाटतं, आपलं रडणं म्हणजे त्याचा अपमान. मग ती लोकांसमोर ताठ बसते आणि रात्री एकटी मोडते.

अंत्यसंस्काराचा व्हिडिओ तू पाहिलास. ओझरच्या विमानतळावरून पार्थिव निफाडकडे आलं तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, घोषणा होत्या, शाळेची पोरं होती. ते लोक मनापासून आले होते, त्यांना नावं ठेवू नकोस. पण तो मान गावाने आणि लष्कराने दिला. बंदुकांच्या फैरी झाल्या, बिगुल वाजलं, शवपेटीवरचा तिरंगा जवानांनी काढून घडी केला. केशरी पट्टी डोक्याकडे ठेवायची आणि झेंडा चितेवर जाऊ द्यायचा नाही, एवढं सगळं नेमून दिलेलं असतं. शोकासाठी असा कुठलाच नेम नाही. तो सन्मान झाला, एवढं तुझ्या पत्रात आलं तरी पुरे. त्यावरून घरच्यांनी कसं असावं याचा निष्कर्ष काढू नकोस.

त्या व्हिडिओत आणखी एक गोष्ट आहे. बहुतेकांच्या नजरेतून ती सुटली असेल. घडी केलेला तिरंगा अधिकाऱ्याने तुझ्या मैत्रिणीच्या हातात दिला. ते बरोबरच आहे. पण त्या क्षणी त्याची आई मागे, जावेच्या खांद्याला धरून उभी होती. तिचे दोन्ही हात पुढे आले आणि परत खाली गेले. अशा वेळी सगळी पत्रं, सगळे फोन बायकोच्या नावाने येतात आणि आई मागे राहते. पुढे पेन्शन, विमा, कागद, सगळीकडे बायकोचं नाव लागतं आणि एकाच घरात दोन बायकांमध्ये एक भिंत उभी राहू लागते. ती भिंत तुझ्या पत्राने पडणार नाही, पण तिला एक वीट तरी लावू नकोस. दोन पत्रं लिही. एक मैत्रिणीला, एक तिच्या सासूला. वेगवेगळ्या पाकिटांत घाल. आईच्या पत्रात तिच्या मुलाबद्दल लिही, सुनेबद्दल एक शब्दही नको.

आता मजकुराबद्दल. त्याचा मृत्यू गाडी दरीत कोसळून झाला. तो ड्यूटीवरच होता, रसद घेऊन पोस्टकडे निघाला होता. एका वक्त्याने सभेत ‘शत्रूशी लढता लढता’ असं म्हटलं. तू तसं लिहू नकोस. जे झालं त्यात कमीपणा नाही. डोंगरातल्या रस्त्यावर जवानांना रोज गाडी चालवावी लागते, तेव्हा वरच्या पोस्टवर रेशन आणि रॉकेल पोचतं. त्याचं काम जसं होतं तसंच लिहिलं तर घरच्यांना कळतं, की तुला तो खरा आठवतो.

आणि तुला तो आठवतोच की! त्यांच्या लग्नानंतर तू त्या घरी राहून आली होतीस. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला तो सुट्टी काढून यायचा, हे तूच आम्हाला सांगितलं होतंस. धाकट्या भावाने छाटलेल्या काड्यांच्या डोळ्यांना उघड्या हाताने पेस्ट लावायला घेतली, तेव्हा त्याने पोराच्या हातातला डबा काढून घेतला. आधी हातमोजे घाल म्हणाला, स्वतःचे काढून दिले आणि आपण दुसरे शोधायला गेला. ते औषध कातडीला किती वाईट असतं हे बागाईतदाराला माहीत असतं, तरी घाईत कोणी ऐकत नाही. तोफेवरच्या तुकडीत माणूस असाच घडतो. आपला माणूस जपल्याशिवाय पुढचं काम होत नाही. ही आठवण आईच्या पत्रात घाल. तिला तिचा मुलगा त्यात सापडेल. बाकी अमर, वीरगती, ऋण, उपकार हे शब्द तिने भाषणांत भरपूर ऐकलेत.

मैत्रिणीचं पत्र असं काहीसं होईल. शब्द तुझेच ठेव, मी फक्त वाट दाखवतो:

‘काय लिहावं ते कळत नाही. बातमी कळल्यापासून तू डोळ्यांसमोरून हलत नाहीस. तुझ्या घरी राहिले होते तेव्हा त्यांनी पहाटे सगळ्यांच्या आधी उठून बंब पेटवला होता, ते आज सारखं आठवतंय. तुला आत्ता काय वाटतं ते मला विचारायचं नाही. राग आला तर राग, नुसतं गप्प बसावंसं वाटलं तर तेही. मला उत्तर लिहिण्याची गरज नाही. दर रविवारी संध्याकाळी मी फोन करीन. उचलावासा वाटला तर उचल, नाही तर पुढच्या रविवारी पुन्हा करीन.’

एवढंच. फोनचं लिहिलंस तर तो करायचा मात्र. दशक्रियेला रामकुंडावर माणसं मावणार नाहीत. तेरावा झाला की गाड्या आपापल्या गावी जातील आणि छाटणीचे मजूर परत बागेत येतील. खरं एकटेपण तिथून सुरू होतं.

पत्रात या गोष्टी येऊ देऊ नकोस. तिच्या मुलाला ‘आता तूच घरातला पुरुष’ किंवा ‘मोठा होऊन बाबांसारखा फौजी हो’ असं काही लिहू नकोस. तो सहा वर्षांचा आहे. त्याला खेळू दे. आणि पैशाचा विषय अजिबात नको. ‘सरकार बघेल, लाखो रुपये मिळतात’ असं सांत्वनाला आलेले लोक बोलतात. ते बोलणं घरच्यांच्या काळजात रुततं, शिवाय ते अर्धवट असतं. मृत्यू कोणत्या परिस्थितीत झाला याची चौकशी बसते, कोर्ट ऑफ इन्क्वायरी म्हणतात तिला. त्यावरून तो बॅटल कॅज्युअल्टी म्हणजे लढाईतला मृत्यू धरायचा, की फिजिकल कॅज्युअल्टी म्हणजे इतर कारणाने झालेला, हे ठरतं. सरकारच्या वर्गवारीत युद्ध किंवा दहशतवादी कारवाईतला मृत्यू असेल तर लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन लागते आणि ती शेवटच्या पगाराइतकी असते. ड्यूटीवरचा अपघात असेल तर साधारणपणे स्पेशल फॅमिली पेन्शन, म्हणजे त्या पगाराच्या ६० टक्के. कुठल्या अधिसूचित ऑपरेशनमध्ये तो होता की नाही, यावरही हे बदलू शकतं. कागद हातात येण्याआधी आकडा सांगणारा माणूस त्या घरात फक्त आशा आणि भांडण पेरून जातो. तुझी मैत्रीण तुला थेट विचारेल, तेव्हा मला फोन लावून दे.

मदत म्हणून तू एक काम करू शकतेस आणि ते खरंच उपयोगाचं आहे. पण पहिल्या पत्रात नको, महिन्याभराने. जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये लग्नानंतरचं तिचं नाव पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे नोंदीच्या लेखी आदेशाने, चढलंय का आणि ते आधार व बँकेच्या खात्यातल्या नावाशी अक्षरन्‌अक्षर जुळतं का, हे तपासायचं. आपल्याकडे बायकांचं नाव माहेरचं एक, सासरचं एक, आणि इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर निराळं. एका अक्षरावरून पेन्शनची फाइल परत आलेली मी पाहिली आहे. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस इथे नाशिकरोडलाच आहे आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही नाशकातच. तिने एकटीने खेपा घालू नयेत. ती म्हणाली तर मी सोबत जाईन. नको म्हणाली तर विषय सोडून द्यायचा.

दुसरं, त्याची ट्रंक. युनिटमध्ये अधिकाऱ्यांची समिती सामानाची यादी करते आणि ते सामान घरी पाठवलं जातं. बहुधा तेरावा उलटून गेल्यावर येतं, जेव्हा घरात कोणी पाहुणा नसतो. काळी पेटी, वर पांढऱ्या रंगात त्याचं नाव आणि नंबर. आत घड्या घातलेले गणवेश, चपला, दाढीचं सामान, कुठे पोराने काढलेलं चित्र. पेटी घेताना यादीवर सही करावी लागते, म्हणून ती उघडून वस्तू मोजाव्या लागतात. पार्थिव घरी आलं तेव्हा न रडलेल्या बायका या पेटीपाशी कोसळतात. पेटी येणार असं युनिटकडून कळलं तर तुला कळवायला मैत्रिणीच्या भावाला सांगून ठेव. त्या दिवशी यादी वाचायला घरचं नसलेलं, शांत डोक्याचं एक माणूस तिथे असावं. सही झाली की पेटी लगेच बंद करून ठेवायची. कपडे धुवायला घाई करू नका असंही सांग. वास गेला की मग परत मिळत नाही.

तू विचारलं होतंस, तिने सैन्याबद्दल वाईट बोललं तर काय म्हणू? काही म्हणू नकोस. मी वर्दी घातली आहे, मला फौजेबद्दल किती माया आहे हे तुला ठाऊक आहे. पण तिने नवरा दिलाय. तिने मला समोर बसवून शिव्या घातल्या तरी मी ऐकून घेईन. फौजेचा बचाव तिच्या दारात करायचा नसतो. आणि तिलाच कधी त्याच्या नोकरीचं कौतुक करावंसं वाटलं, तर तेव्हाही तितक्याच शांतपणे ऐक.

पत्रं हाताने लिही आणि स्पीड पोस्टने पाठव, व्हॉट्सअपवर नको. घराचा पत्ता आईकडे आहे. सासूचं पत्र मोठ्या अक्षरात लिही, तिला चष्मा लागतो आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यायची वेळ येऊ नये. दिवाळीला तू घरी आलीस की आपण दोघं निफाडला जाऊन येऊ. मात्र आधी तिला फोन करून विचार. त्यांची पहिली दिवाळी आहे, कोणी येऊ नये असंही त्यांना वाटू शकतं. तसं असेल तर पुढच्या महिन्यात जाऊ.

तब्येत सांभाळ. वेळेवर जेवत जा.

तुझे,
अण्णा