लेसरने चष्मा गेला तरी ती फाइल रद्दीत घालू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून येते. लेन्स देशी घ्यावी की परदेशी, टाके पडतात का, खर्च किती, विमा किती देतो. त्या लेन्सचा नंबर ठरतो कसा, याबद्दल मात्र क्वचितच काही वाचायला मिळते. नाशिकमध्ये एका नेत्ररुग्णालयात मी रोज हीच मोजणी करते. हल्ली माझ्या मशीनसमोर असे लोक बसू लागले आहेत, ज्यांनी पंचविशी-तिशीत मुंबई-पुण्याला जाऊन लेसरने चष्मा घालवला आणि आता त्यांना मोतीबिंदू झाला आहे. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या लेसरच्या वेळच्या जुन्या फाइलसाठी, हे पत्र.

चष्म्याच्या दुकानात काचा बदलून बदलून नंबर पक्का करता येतो. डोळ्याच्या आत बसणाऱ्या लेन्सचा नंबर ऑपरेशनआधीच हिशेबाने काढावा लागतो. त्या हिशेबाला बायोमेट्री म्हणतात आणि त्यात मुख्य मोजमापे दोन. पहिले डोळ्याच्या लांबीचे, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक आवरणापासून, कॉर्नियापासून, मागच्या पडद्यापर्यंतचे अंतर. ते साधारण २३.५ मिलिमीटर असते. ते १ मिलिमीटरने चुकले तर चष्म्याला अडीच नंबरच्या आसपास फरक पडतो. दुसरे मोजमाप कॉर्नियाच्या वक्रतेचे, म्हणजे त्यातून मिळणाऱ्या शक्तीचे. त्याला आम्ही ‘के’ म्हणतो, आणि चष्म्याच्या नंबरच्याच एककात, डायॉप्टरमध्ये, ते बहुतेकांचे ४३-४४ भरते.

तिसरी गोष्ट आधी मोजताच येत नाही. नवी लेन्स जखम भरल्यावर कॉर्नियापासून नेमकी किती आत स्थिरावेल, हा अंदाज असतो. आपले मूळ भिंग चांगले जाड, नवी लेन्स त्यापुढे अगदी पातळ, त्यामुळे जुन्या भिंगाची जागा पाहून थेट उत्तर मिळत नाही. एसआरके/टीसारखी वर्षानुवर्षे वापरात असलेली सूत्रे हा अंदाज लांबी आणि ‘के’ यांवरूनच बांधतात: कॉर्निया जितका उंचवट्याचा, तितकी लेन्स खोल बसणार. ज्या डोळ्याला कुणी हात लावलेला नाही, तिथे हा अंदाज छान जुळतो.

लेसरने नेमके हेच गणित मोडते. मायनस नंबर घालवताना कॉर्नियाचा मधला भाग समोरून घासून सपाट करतात. मागची बाजू होती तशीच राहते. आमचे नेहमीचे यंत्र मात्र फक्त समोरची वक्रता पाहते आणि मागची बाजू तिच्या ठरलेल्या प्रमाणात असेल असे धरून ‘के’ दाखवते. शिवाय ते ऐन मध्यावर मोजत नाही, सुमारे तीन मिलिमीटर व्यासाच्या कड्यावर मोजते. सर्वांत सपाट झालेला भाग त्या कड्याच्या आत राहतो. या दोन्हींमुळे ‘के’ खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. ही एक चूक झाली.

दुसरी चूक सूत्राची, आणि बहुधा तीच मोठी. सपाट ‘के’ पाहून सूत्राला वाटते की या माणसाच्या डोळ्याचा पुढचा भाग जन्मतःच उथळ आहे, तेव्हा लेन्स पुढेच बसेल. पुढे बसणाऱ्या लेन्सला शक्ती कमी लागते, म्हणून ते कमी नंबर सुचवते. लेसरने फक्त कॉर्निया घासलेला असतो. लेन्स बसायची जागा तसूभरही हललेली नसते.

एक हिशेबच मांडते. समजा डोळ्याची लांबी २६.५ मिलिमीटर आहे, लेसरआधी ‘के’ ४४ होता आणि चष्मा मायनस ६ चा. लेसरनंतर कॉर्नियाची खरी शक्ती ३८.४ च्या आसपास येते, पण यंत्र ३९.३ दाखवते. हे आकडे नेहमीच्या लेन्सचा स्थिरांक घेऊन एसआरके/टीमध्ये जसेच्या तसे टाकले, तर उत्तर येते साडेसोळा. फक्त ‘के’ सुधारून घेतला तर साडेसतरा. लेन्सच्या जागेचा अंदाज लेसरआधीच्या ४४ वरून बांधला आणि शक्तीसाठी ३८.४ घेतला, तर साडेएकोणीस. साडेसोळाची लेन्स बसली तर रुग्णाला जवळपास प्लस दोनचा चष्मा लागतो, म्हणजे लांबचेही धूसर आणि जवळचेही. ज्या माणसाने चष्मा नको म्हणून लेसर केले, त्याच्या कपाळी हे येते. (प्लस नंबरसाठी लेसर झाले असेल तर चूक उलट्या दिशेने, मायनसकडे जाते.)

हे ओळखायचे कसे? साडेसव्वीस मिलिमीटरच्या लांब डोळ्यात ‘के’ ३९ दिसला की मला थांबावे लागते. न घासलेल्या कॉर्नियाचा ‘के’ ४० च्या खाली क्वचितच उतरतो. मग कॉर्नियाच्या वक्रतेचा नकाशा, म्हणजे टोपोग्राफी, काढली की मधोमध सपाट गोल दिसतो, आणि स्लिट लॅम्पखाली नीट पाहिले तर लॅसिक प्रकारच्या लेसरमध्ये उचललेल्या पापुद्र्याची पुसट कडाही सापडते. रुग्णाकडून माहिती निघतेच असे नाही. “काका, डोळ्याचं आधी काही ऑपरेशन झालंय का?” “छे हो, ऑपरेशन नाही. लेसर केलं होतं तेवढं, पण त्याला झाली वीस वर्षं.” हे “तेवढं” पुष्कळदा मी तिसऱ्यांदा विचारल्यावर बाहेर येते.

कळले तर उपाय आहेत. बॅरेट ट्रू-के, हायगिस-एल ही सूत्रे अशाच डोळ्यांसाठी केली आहेत. कॉर्नियाची मागची बाजूही प्रत्यक्ष मोजणारी यंत्रे आली आहेत. दोन-तीन पद्धतींची उत्तरे शेजारी ठेवून डॉक्टर निर्णय घेतात आणि बहुधा मुद्दाम थोडा मायनस राखतात. चूक झालीच तर अर्धा-पाऊण मायनस निभतो, निदान जवळचे वाचता येते. प्लस कोणत्याच अंतराला उपयोगी पडत नाही. तरीही न घासलेल्या डोळ्याइतकी खात्री मिळत नाही. चांगल्या आधुनिक सूत्राने साध्या डोळ्यांत दहापैकी आठ जण अर्ध्या नंबरच्या आत बसतात, लेसर झालेल्यांत साधारण सहा-सात. हे ऑपरेशनआधीच सांगितले पाहिजे. अशा डोळ्यात महागडी मल्टिफोकल लेन्स घालून “चष्मा अजिबात लागणार नाही” असे कबूल करणे मला तरी धाडसाचे वाटते. दुसऱ्या डोळ्याचीही घाई करू नये. पहिल्याचा नंबर स्थिर झाला की चूक कुठल्या बाजूला आणि किती झाली ते दिसते आणि दुसऱ्या डोळ्यासाठी ते वापरता येते.

आता फाइलबद्दल. आम्हाला त्यातून तीनच आकडे हवे असतात: लेसरआधीचा ‘के’, लेसरआधीचा चष्म्याचा नंबर आणि लेसरनंतर काही महिन्यांनी स्थिरावलेला नंबर. हा तिसरा आकडा जुनाच हवा. गेल्या वर्षीचा नंबर चालत नाही, कारण पिकणारा मोतीबिंदू स्वतःच मायनस वाढवतो आणि तो लेसरच्या खाती मांडला तर हिशेब पुन्हा फसतो. कागद हरवले असले तरी नव्या सूत्रांवर काम भागते, फक्त लेसर झाल्याचे मोजणीआधी कळायला हवे. लेसर केंद्रांनी हे तीन आकडे एका कार्डावर लिहून रुग्णाच्या हाती द्यावेत, एवढी विनंती आहे. आज लेसर करणाऱ्या मुलामुलींना मोतीबिंदू व्हायला तीस वर्षे लागतील, आणि तोवर ते केंद्र त्याच पत्त्यावर असेल असे धरून चालता येत नाही.

— एक ऑप्टोमेट्रिस्ट, गंगापूर रोड, नाशिक