सूचना : रविवारच्या लांब पल्ल्याच्या धावण्याआधी

चेंजिंग रूमच्या स्वच्छतागृहात लघवीच्या रंगांचा तक्ता लावला आहे, आठ छटांचा. पहिल्या तीन फिक्या छटांत असाल तर पाणी पुरेसं आहे. चार ते सहा म्हणजे कमी पडतंय. सात-आठ असेल तर त्या दिवशी धावू नका. पहाटेची पहिली लघवी गडदच असते, म्हणून दुसरी बघा. आणि कमोडच्या पाण्यात बघू नका, तिथे सगळंच फिकं दिसतं. अगदी पाण्यासारखी होईपर्यंत पीत राहणंही नको, रक्तातलं सोडियम उतरतं.

बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की लघवी हळदीसारखी पिवळीजर्द होते आणि बीटाच्या कोशिंबिरीनंतर काहींची गुलाबी. तेव्हा तक्ता बाजूला ठेवा.

मागच्या महिन्यात आपल्यातल्या एकाला ३० किलोमीटरनंतर काळ्या चहासारखी लघवी झाली. तो म्हणाला, पाणी कमी पडलं असेल. दीड लिटर प्यायला, तीन तासांनी पुन्हा तोच रंग, वर मांड्या दगडासारख्या. रक्त तपासल्यावर कळलं, स्नायू फुटून त्यातलं द्रव्य लघवीत उतरत होतं. हे मूत्रपिंडाला घातक असतं. असं दिसलं तर वाट न बघता रुग्णालय गाठा, वेदनाशामक गोळी घेऊ नका (ती आपल्याकडे फार सहज घेतली जाते).

पाणी पिऊनही लघवी गडद पिवळी आणि डोळेही पिवळे, तर कावीळ तपासा. लघवीत रक्त एकदाच दिसलं, दुखत नसलं, तरी डॉक्टरांना दाखवा.