रात्री दोनला उठवणारी डोकेदुखी

महोदय,

माझ्या 68 वर्षांच्या आईला चार महिने रोज रात्री दोनच्या सुमारास डोकेदुखीने जाग येत होती. संपूर्ण डोकं ठणकायचं. ती उठून ओट्यावर बसायची, तासाभराने दुखणं आपोआप ओसरायचं. दिवसा काहीच त्रास नाही. गावात कुणी पित्त म्हटलं, कुणी नजर. गोळ्या मात्र दुखणं सुरू झाल्यावर घेतल्या जायच्या, त्यामुळे उपयोग शून्य.

जळगावच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी आधी एमआरआय, रात्रीचा रक्तदाब आणि शरीरातली सूज दाखवणारा रक्तातला ईएसआर तपासला. घोरताना श्वास अडकतो का, हेही विचारलं. उतारवयात नव्याने सुरू झालेल्या डोकेदुखीत हे तपासावंच लागतं. सगळं ठीक निघालं, तेव्हा निदान झालं हिप्निक हेडेकचं. हा आजार बहुधा पन्नाशीनंतर होतो आणि फक्त झोपेतच उठतो. 1988 मध्ये त्याची पहिली नोंद झाली.

उपाय ऐकून आम्ही चक्रावलो: झोपण्याआधी कपभर कडक कॉफी! आमच्या चहाच्या घरात कॉफीची बाटली आली. झोप उडेल ही भीती होती, पण अशा बहुतेक रुग्णांची झोप उडत नाही. आईचीही उडाली नाही. दोन आठवड्यांत रात्री शांत झाल्या. कॉफीने भागलं नाही तर लिथियम किंवा इंडोमेथासिन देतात, पण उतारवयात मूत्रपिंड व पोट जपावं लागतं, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. घरात कुणी असं ठरावीक वेळी उठत असेल, तर महिनाभर वेळ वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.

– एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)