मटकी, लिंबू आणि लोखंडी कढई

इंदूर
रविवार, रात्र

प्रिय मन्या,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. मुक्ताला दिवस गेलेत, चौथा महिना चालू आहे. आई-बाबा ठीक. आता मुख्य गोष्ट, जी दुसऱ्या कुणाजवळ बोलवत नाही.

तिचं हिमोग्लोबिन ९.४ आलं. गरोदरपणात ते ११ च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, पण आधीच ओकाऱ्या, त्यात गोळीने मळमळ वाढते. डॉक्टरीणबाईंनी ती रात्री झोपताना घ्यायला सांगितली, तेव्हापासून पोटात टिकते. नुसत्या जेवणाने भागणार नाही, गोळी हवीच, हेही त्यांनी बजावलं. पण जेवण तरी पोटात जायला हवं ना! फोडणीचा वास आला की ती तोंडावर पदर धरून गॅलरीत पळते. म्हणून स्वयंपाक मी हातात घेतलाय.

फोडणी बंदच केली. मटकी रात्रभर भिजवतो, निथळून फडक्यात बांधतो. मोड आले की त्यातलं लोह अंगी लागणं सोपं होतं. कच्ची मात्र देत नाही, कुकरला एक शिटी काढतो. मग पूर्ण गार होऊ देतो, कारण वास सगळा वाफेबरोबर येतो. वरून कोथिंबीर, मीठ आणि भरपूर लिंबू. अशी गार मटकी ती थोडी थोडी करत वाटीभर खाते, रे!

आणि हो, पोह्यांवर लिंबू पिळण्यावरून खोलीवर तू केवढं भांडला होतास! डाळी-उसळींतलं लोह लिंबाच्या आंबटपणासोबत जास्त शोषलं जातं. तेव्हा ते भांडण मी जिंकलो, लिहून ठेव.

बर्तन बाजारातून लोखंडी कढई आणली. शिजलेली मसूर डाळ टोमॅटो घालून तिच्यात उकळतो. आंबट पदार्थात कढईचं थोडं लोह उतरतं. पण उकळी झाली की लगेच स्टीलच्या पातेल्यात काढावी लागते. कढईत राहिली तर आमटी काळी पडते आणि जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव येते. तसा एक घोट गेला तर मुक्ता दिवसभर वाटीला हात लावत नाही.

सगळ्यात अवघड चहा. जेवणावर चहा घेतला की लोह अडतं, म्हणून तासभर मध्ये सोडतो. तुला ठाऊक आहे ती चहासाठी किती हट्टी आहे. काल घड्याळाकडे बघत बसली होती, डोळ्यांत पाणी. मला काही सुचेना. नुसता शेजारी बसलो. मावशीने अळिवाचे लाडू पाठवलेत, ते बाळंतपणानंतरच, असं आईचं म्हणणं.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार. छोटीचा ताप उतरला का?

पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त तपासायचंय. त्या रात्री फोन करीन, कितीही उशीर झाला तरी उचल.

तुझा,
श्री