परत परत सांगायचं ते

चि. सोन्या,

काल फोनवर तू चिडून म्हणालास की आई, मी गे आहे हे तुला सांगितलं, पप्पांना सांगितलं, पुण्यात ऑफिसात सांगितलं, आता गोकुळ शिरगावची नोकरी धरून कोल्हापुरात आलो की परत श्रीगणेशा करायचा का. तेव्हा कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या म्हणून मी नुसतं हूं हूं केलं. आता निवांत लिहिते, लांबलं तर लांबू दे, तू वाचशील टप्प्याटप्प्यानं.

तर होय बाबा, परत करायचा. आणि हे कोल्हापूर आहे म्हणून नव्हे, पुण्यात राहिला असतास तरी नवीन बॉस आला की, घर बदललं की, दात दुखला की तेच. कारण समोरचा माणूस तुला बघायच्या आधीच त्याच्या डोक्यात तुझा फॉर्म भरून बसलेला असतो, लग्न झालंय किंवा व्हायचंय, यापलीकडं तिसरा रकाना त्यात नसतोच. तू गप्प बसलास तरी ते उत्तरच होतं, त्यानं भरलेलं तसंच राहतं. एकदा सांगून संपायला सगळी माणसं एकाच खोलीत बसलेली पाहिजेत, तशी ती कधी बसतात होय?

बाकीच्यांचं पुढं बघू, आधी डॉक्टरांचं. सगळी नोकरी वॉर्डात आणि ओपीडीत गेली माझी, त्यामुळं हे तुला माझ्याइतकं कोण सांगणार.

आपल्याकडं ओपीडीत डॉक्टर "त्या" गोष्टीचं सरळ विचारतच नाहीत. विचारतात काय, तर लग्न झालंय का. पोरगं म्हणतं नाही. झालं, डॉक्टरांच्या लेखी त्याचा कुणाशी संबंध नाही, पुढचा प्रश्न जेवण-झोप. आणि हे विचारताना खोलीत असतं कोण, तर वडील, काका, सोबत आलेला गावचा एखादा कार्यकर्ता, शिवाय दारात पुढचा नंबर आत डोकावत उभा. अशात पोरगं काय बोलणार.

असाच एक आला होता, नाव-गाव सांगत नाही, तुझ्यापेक्षा लहान होता. संडासच्या जागी दुखतंय, रक्त पडतंय, चिकट जातंय. वडील सोबत. लग्न झालंय का, नाही. मग मूळव्याध. मलम, इसबगोल, गरम पाण्यात बसा, तिखट बंद. दोन महिने असंच चाललं, मधे कुणीतरी गावठी औषधही दिलं. बरं वाटेना म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडं, तिथं पण पहिल्यापासून तेच प्रश्न तीच उत्तरं, आतड्याला सूज असेल म्हणून कॅमेऱ्याच्या तपासणीचा खर्च सांगितला. लघवी तपासली होती, ती स्वच्छ, आणि ती स्वच्छ आली म्हणून सगळ्यांना वाटलं इन्फेक्शनचा प्रश्न नाही. आता गंमत बघ, संबंधातून लागणारा गनोरिया मागच्या जागी असला तर लघवीत सापडेलच असं नाही, जिथं लागण आहे तिथला स्वॅब घ्यावा लागतो. घशातली असेल तर घशातला. आणि तिथला स्वॅब घ्यायचं डॉक्टरांच्या डोक्यात येणार कधी, तर पेशंटनं सांगितलं तर. शेवटी एका मॅडमनी वडलांना फाइल घेऊन खाली बिल काउंटरला पाठवलं, दार लावलं आणि विचारलं, तुझे संबंध पुरुषांशी आहेत, बाईशी आहेत की दोघांशी, मला औषधासाठी पाहिजे, दुसरं काही नाही. पोरगं रडलं आणि बोललं. स्वॅब, एक इंजेक्शन, आठवडाभर गोळ्या, आणि ज्याच्याशी संबंध होता त्यालाही तपासून औषध, नाहीतर परत लागण होणार. दोन महिन्यांचं दुखणं आठवड्यात गेलं.

म्हणून मी म्हणते, डॉक्टर बदलला की परत सांगायचं. आणि डॉक्टर तर रोज बदलतात रे, तुला वाटतं एकदा केसपेपरवर आलं की झालं, पण रात्रीचा ड्युटी डॉक्टर वेगळा, सकाळी राउंडला वेगळा, सोनोग्राफीवाला वेगळा, आणि मागच्या शिफ्टनं लिहिलेलं कोण किती वाचतं ते मला विचार. काही वेळा तर वाट बघायला वेळच नसतो. एचआयव्हीची धास्ती वाटावी असं काही घडलं, कंडोम फाटला म्हण, तर लागण टाळायच्या पीईपीच्या गोळ्या बहात्तर तासांच्या आत सुरू व्हायला पाहिजेत, जितक्या लवकर तितकं बरं, आणि मग अठ्ठावीस दिवस न चुकता. मला एकदा ड्युटीवर सुई टोचली होती तेव्हा मी घेतल्यात त्या, मळमळतं जरा, बाकी काही होत नाही. पण मला सांगायला लाज नव्हती, सुई टोचली म्हटलं की संपलं. तुला रात्री अकराला कॅज्युअल्टीत अनोळखी पोराला सांगावं लागेल, तिथं "सकाळी आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारू" असलं करत बसायचं नाही.

सांगायचं कसं, तर एका वाक्यात. "माझे संबंध पुरुषाशी आहेत, एकच जोडीदार आहे." बास. तुमची ओळख कुठं झाली, आम्ही घरच्यांनी काय म्हटलं, हे त्यांना नको असतं. सोबत कोण असेल तर आधी बाहेर पाठवायचं, मी असले तर मला पण. सुरुवात सोपी पाहिजे तर सरकारी दवाखान्यात एचआयव्ही तपासणीचं आयसीटीसी असतं, गुप्तरोगांचं सुरक्षा क्लिनिक असतं, तिथं समुपदेशक हे प्रश्न रोजच विचारतात, तपासणी फुकट असते, आणि एचआयव्हीची तपासणी तुझ्या संमतीनंच, रिपोर्ट तुझ्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगायचा नाही, हे २०१७ च्या कायद्यात लिहिलेलं आहे. हेपटायटिस बीची लस पूर्ण झालीय का तेही बघून घे, तुझं लहानपणीचं कार्ड मला सापडेना.

आता तुझी खरी भीती मला माहीत आहे. आपले पेठेतले डॉक्टर, ज्यांनी तुला गोवरात बघितलंय, जे गणपतीला आपल्याकडं प्रसादाला येतात. त्यांच्यावर माझा भरवसा आहे, पण त्यांचा कंपाउंडर गल्लीतल्या तात्यांचा भाचा, आणि पडद्यामागनं सगळं ऐकू येतं. सर्दी-तापाला त्यांच्याकडंच जा. या कामाला राजारामपुरीत किंवा कुठंही एखादा स्किन-व्हीडीवाला धर, जिथं आपल्याला कोण ओळखत नाही. याला लपवणं म्हणत असतील तर म्हणू देत. आणि एखादा म्हणालाच की हे बरं करतो, समुपदेशन घ्या, लग्न करून टाका, तर फी पण देऊ नकोस, उठून ये. नॅशनल मेडिकल कमिशननं २०२२ मध्ये असले उपचार करणं म्हणजे डॉक्टरचं गैरवर्तन असं ठरवलंय.

घरमालकाचं वेगळं. त्याला तुझ्या शरीराशी देणंघेणं नाही, भाडं आणि गल्लीची बोलणी एवढंच. त्याला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी म्हणेन पहिल्या भेटीत गरज नाही. पण अकरा महिन्यांच्या करारावर तुझं आणि तुझ्या जोडीदाराचं, नाशिककराचं, दोघांचंही नाव घाला, रजिस्टर करून घ्या, पोलिसांकडं माहिती जाते त्यातही दोघं पाहिजेत. पुण्यात तुझ्या एकट्याच्या नावावर होतं आणि तो "पाहुणा" होता, उद्या तू बाहेरगावी असताना मालकानं त्याला बाहेर काढलं तर त्यानं दाखवायचं काय? दोन मित्र म्हणून वर्षभर निघतं. मग मालकीणबाई विचारते दोघंही लग्नाचे झालात की, मग शेजारची विचारते. एकदा मित्र म्हटलं की ते सांभाळायला लागतं, कुणाला मावसभाऊ म्हटलं कुणाला रूममेट ते लक्षात ठेवायला लागतं, सांगण्यापेक्षा त्याचाच त्रास जास्त.

आणि एक, कंपनीत रक्तदान शिबिर होणारच. कोल्हापुरात तालमीपासून कारखान्यापर्यंत शिवजयंती म्हणू नको वाढदिवस म्हणू नको, शिबिर असतंच, आणि तुला पोरं हाताला धरून ओढत नेणार. रक्तदात्यांच्या २०१७ च्या नियमात पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांना रक्त देता येत नाही. हा नियम मला पटत नाही, प्रत्येक पिशवी एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरियाला तपासलीच जाते, आणि कंडोम न वापरणाऱ्या नवरोबांना कोण अडवत नाही. लागण नवीन असेल तर टेस्टमध्ये काही दिवस दिसत नाही म्हणून भीती घालतात, ते खरं आहे, पण ते सगळ्यांनाच लागू आहे. तरी फॉर्मवर खोटं लिहू नकोस, पिशवी दुसऱ्याच्या अंगात जाते. टेबलापाशी सगळ्यांसमोर काही बोलायची गरज नाही, आत डॉक्टरांच्या कानावर घाल, बाहेर येऊन म्हण बीपी वाढलंय. कंपनीत मशीनवरच्या पोरांत कुणाला सांगायचं कुणाला नाही ते सावकाश ठरव, आधी जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्यांबद्दल कोण कसं बोलतंय ते ऐक.

आम्हालाही सुटका नाही रे. रंकाळ्यावर फिरायला गेले की कुणीतरी नवीन बाई विचारतेच, पोराचं कधी करताय. जुन्या दोघी-तिघींना सांगितलं, त्यातली एक आता बोलत नाही, बाकीच्या तुझी चौकशी करतात. पप्पा अजून "त्याला करायचं नाहीये" एवढंच म्हणतात आणि विषय पंचगंगेच्या पाण्यावर नेतात. ते त्यांच्या वेगानं येतील.

पण तुझ्या बाबतीत कुणाला सांगायचं ते तू ठरवणार, मी नाही. राजारामपुरीच्या मावशीनं तुमच्यासाठी फ्लॅट बघून ठेवलाय, वन बीएचके, आणि परवाच विचारत होती दोघांना एक बेडरूम कशी पुरणार. मी सांगू, तू सांगणार, की टू बीएचके बघायला सांगू? रविवारच्या आत कळव, ती टोकन द्यायला निघालीय.

तुझी,
आई