फोन-कीबोर्ड ॲपमध्ये मराठी शब्द बिघडतात, त्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या ॲपच्या वार्षिक सशुल्क आवृत्तीत मराठी मजकूर चुकीचा उमटणे, दुरुस्ती किंवा पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

नाशिकमध्ये माझं मराठी टायपिंग आणि छपाईच्या मजकुराचं छोटं दुकान आहे. दुकानातला जुना डेस्कटॉप आम्ही घरी नेला आणि एचडीएमआय केबलने हॉलमधल्या टीव्हीला जोडला. सोफ्यावर बसून तो चालवायला वेगळा कीबोर्ड-माउस नको, म्हणून आपलं ॲप फोनवर आणि त्याचा जोड-प्रोग्राम संगणकावर टाकला. ‘फोनवर जी भाषा लिहाल, ती टीव्हीवर उमटेल’ असं जाहिरातीत वाचून वर्षाचे पैसे भरले.

टचपॅडबद्दल माझी काहीच तक्रार नाही. बाण बोटाबरोबर फिरतो आणि दोन बोटांनी पानही सरकतं. घोळ आहे तो मराठीचा, आणि तो नेमका कुठे होतो हे मी शोधून काढलं आहे. आपल्या सेवा विभागाने ते पाहिलेलं दिसत नाही, म्हणून इथे लिहिते.

आई भजनी मंडळाची वर्गणीची यादी टीव्हीवरच करते. अक्षरं मोठी दिसतात, चष्मा शोधावा लागत नाही. सहलीच्या रकान्यात तिने फोनवरून ‘त्र्यंबकेशवर’ लिहिलं. फोनच्या कीबोर्डने वर बरोबर शब्द सुचवला, ‘त्र्यंबकेश्वर’. तिने त्यावर बोट ठेवलं. फोनवर शब्द सुधारला. टीव्हीवर मात्र उमटलं ‘त्र्यंत्र्यंबकेश्वर’. “अगं, हे त्र्यं दोनदा कसं आलं?” असं तिने विचारलं, आणि दरवेळी हेच आणि असंच येतं, म्हणून मला शंका आली. नेटवर्क खराब असेल तर चूक रोज वेगळी होईल. इथे ती ठरलेल्या जागी होते, म्हणजे कुठेतरी मोजणी चुकते आहे.

‘त्र्यंबकेशवर’ हा शब्द डोळ्यांना सहा अक्षरांचा दिसतो : त्र्यं, ब, के, श, व, र. युनिकोडमध्ये मात्र त्यात बारा चिन्हं असतात :

त + ् + र + ् + य + ं + ब + क + े + श + व + र

हलन्त, अनुस्वार, मात्रा ही सगळी स्वतंत्र चिन्हं. सुचवलेला शब्द घेताना फोनचा कीबोर्ड आपल्या ॲपला सांगतो, जुना शब्द काढ, नवा टाक. जुना शब्द काढायला आपलं ॲप संगणकाकडे बॅकस्पेस पाठवतं, पण सहाच, कारण ते दिसणारी अक्षरं मोजतं. संगणकावर देवनागरीत एका बॅकस्पेसला एकच चिन्ह पुसलं जातं. आता मागून सहा चिन्हं पुसून पाहा : र, व, श, केवरची मात्रा, क, ब. उरतं काय? ‘त्र्यं’. त्यापुढे नवा शब्द जोडला की आईच्या यादीतला तो प्रकार तयार होतो. ब्राउझरमध्ये आणि नोटपॅडमध्ये दोन्हीकडे हेच झालं.

खात्री करायला इंग्रजीत nashk लिहून nashik ही सूचना घेतली. टीव्हीवर बरोबर आलं, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एकच चिन्ह, त्यामुळे मोजणी आपोआप जुळते. मग फोनवर इनस्क्रिप्ट मांडणी घेऊन सूचना बंद केल्या आणि तोच मराठी शब्द एकेक चिन्ह करत लिहिला. तोही बरोबर आला, कारण तिथे मागचं काही पुसायची वेळच येत नाही. म्हणजे देवनागरी पाठवणं आपल्या ॲपला जमतं, बदलणं जमत नाही. पण घरोघरी लोक सूचनेतला मराठी शब्दच उचलतात. त्यांनी इनस्क्रिप्ट शिकावी असं मला धंद्यापोटी कितीही वाटलं, तरी ते होणार नाही.

यावर आपल्याकडून आलेलं उत्तर असं : फोन आणि संगणक एकाच वाय-फायवर आहेत का ते पाहा, फायरवॉल बंद करा, ॲप पुन्हा टाका. जोडणी नसती तर बाण हललाच नसता, हे उत्तर लिहिणाऱ्याच्या लक्षात यायला हवं होतं. शिवाय फायरवॉल सरसकट बंद करायला सांगणं बरोबर नाही. घरच्या खासगी नेटवर्कवर तेवढ्या एका प्रोग्रामला परवानगी दिली की काम भागतं, आणि ती मी पहिल्याच दिवशी दिली आहे.

दुसऱ्या उत्तरात ब्लूटूथ वापरायला सांगितलं. ते तर मुळाशीच जुळत नाही. ब्लूटूथवर फोन साधा कीबोर्ड बनतो (अँड्रॉइड ९ पासून ती सोय आहे), आणि कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, कोणतं बटण दाबलं त्याचा क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाचं अक्षर संगणक आपल्या मांडणीप्रमाणे ठरवतो. संगणकावर इंग्रजी मांडणी असेल तर फोनने सुचवलेला मराठी शब्द त्या वाटेने जाणारच कसा? पासवर्ड टाकायला ती सोय चांगली आहे. विंडोज सुरू होताना आपला जोड-प्रोग्राम अजून चालू झालेला नसतो, तेव्हा तिचा उपयोग होतो. माझी अडचण वेगळी आहे.

यावर उपाय दोन आहेत आणि दोन्ही आपल्या हातातले आहेत. एक, पुसताना दिसणारी अक्षरं न मोजता युनिकोड चिन्हं मोजावीत. वरच्या उदाहरणात बारा बॅकस्पेस गेले असते तर प्रश्नच नव्हता. दुसरा उपाय मला जास्त भरवशाचा वाटतो. शब्द फोनवर तयार होत असताना, म्हणजे त्याखाली रेघ दिसते तोवर, संगणकाकडे काहीच पाठवू नये. शब्द पक्का झाला की एकदम पाठवावा. विंडोजमध्ये त्यासाठी KEYEVENTF_UNICODE ही सोय आहेच. टीव्हीवर अक्षर उशिरा दिसेल, पण लिहिणाऱ्याचं लक्ष तेव्हा फोनवरच असतं. लिहून झालेला जुना शब्द पुन्हा सुधारायचा असेल, तर मात्र पहिला उपाय लागेलच.

तोवर आम्ही शब्द फोनच्या नोंदवहीत लिहितो, कॉपी करतो आणि ॲपच्या क्लिपबोर्डमधून टीव्हीवर चिकटवतो. तो बरोबर येतो, पण एवढ्यासाठी वर्षाचे पैसे भरले नव्हते.

माझ्या मागण्या : ही चूक नोंदवून घेतल्याचं आणि दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत येणार हे लेखी कळवावं. दुरुस्ती करायची नसेल तर भरलेली पूर्ण रक्कम परत करावी आणि जाहिरातीतलं ते वाक्य काढावं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात अपेक्षित आहे. तसं न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवीन.

सोबत पैसे भरल्याची पावती आणि फोन व टीव्ही दोन्ही एका चौकटीत दिसतील असं चित्रीकरण जोडलं आहे. त्यात ‘त्र्यं’ मागे राहताना स्पष्ट दिसतो. कृपया हे पत्र ॲप लिहिणाऱ्यांपर्यंत पोचवावं, फायरवॉलचं उत्तर पुन्हा पाठवू नये.

कळावे,
आपली एक ग्राहक,
नाशिक