होकायंत्र आधी जहाजावर नव्हतंच!

मा. संपादक, स.न.

रविवारच्या पुरवणीत ‘चिनी खलाशांनी होकायंत्र शोधलं’ असं ठळक छापलंय आणि सोबत पितळी पाटावर ठेवलेल्या चमच्याचा फोटो. तो चमचा गेल्या शतकात जुन्या वर्णनांवरून बनवलेला आहे हो, उत्खननात सापडलेला नाही, एवढं तरी फोटोखाली लिहायचं. आणि जुन्या मजकुरातला तो दक्षिण दाखवणारा चमचा खलाशांचा नव्हे, शकुन बघणाऱ्यांच्या पाटाशी त्याचं नातं जोडतात. डुलत्या जहाजावर तो टिकलाही नसता.

सुईसुद्धा आधी ह्याच लोकांच्या हातात. शेन कुओ नावाच्या चिनी अधिकाऱ्याने १०८८ च्या सुमारास लिहून ठेवलंय की जाणकार लोक चुंबकदगडावर सुई घासतात आणि मग ती दक्षिण दाखवते, पण किंचित पूर्वेकडे झुकून. सुई पाण्यावर तरंगवली तर डुलते, नखावर किंवा वाटीच्या काठावर ठेवली तर भरभर फिरते पण घसरून पडते, म्हणून सगळ्यात चांगलं म्हणजे कोशातल्या नव्या रेशमाचा एकच तंतू घ्यायचा, मोहरीएवढ्या मेणाने सुईच्या मध्यावर चिकटवायचा आणि वारा नसेल तिथे टांगायची. मी हे घरी करून बघितलं. बायकोच्या जुन्या पैठणीचा धागा घेतला (परवानगी नंतर मागितली, ते वेगळं) तर सुई गोल गोल फिरतच बसली, कारण धाग्याला पीळ होता! एकच तंतू का सांगितलाय ते तेव्हा कळलं.

जहाजावर सुई दिसते ती झू यूच्या १११९ च्या पुस्तकात, म्हणजे शेन कुओनंतर तीसेक वर्षांनी. रात्री तारे बघायचे, दिवसा सूर्य, आणि आभाळ भरलं तरच सुई. शिवाय लांब दोरीला आकडा बांधून तळाचा चिखल वर काढायचा आणि वास घेऊन कुठे आलो ते ओळखायचं. म्हणजे सुरुवातीला सुई ही अडीनडीची सोय होती, जहाज काही तिच्या एकटीच्या भरवशावर चालत नव्हतं. गंमत म्हणजे शेन कुओला न आवडलेली पाण्यावरची सुईच चिनी जहाजांनी पुढे कित्येक शतकं वापरली.

आणि घराच्या दिशा बघणारे अजून आहेतच. आमच्याकडे गेल्या वर्षी एक वास्तुतज्ज्ञ आले, मोबाईल लोखंडी कपाटाला टेकवून दिशा बघितली आणि म्हणाले पलंग चुकीचा आहे. मी म्हटलं साहेब जरा खोलीच्या मधोमध या. तिथे सुई जवळपास वीस अंश सरकली. कपाट हलवा, म्हणाले. हलवलं, हमालाचे पैसे गेले, फीचे वेगळे. शेन कुओ त्या काळात दक्षिणेपासूनचा झुकाव टिपून ठेवतो आणि ह्यांना शेजारचं लोखंड दिसत नाही!

जाता जाता, त्याच पुरवणीतल्या शब्दकोड्यात ७ उभा आणि ९ आडवा एकमेकांत बसतच नाहीत. ते कोण तपासतं?

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली